पिग्मीवाला, नाथांचा रोडगा आणि चौकातला एक प्रश्न

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा.

गेल्या वर्षी दिंड्यांच्या दिवसांत आपल्या गावातल्या काही पोरांनी एक भारूड बसवलं. लिहून द्यायला मला सांगितलं. बातम्या लिहिण्यात वीस वर्षं गेली, तेव्हा दहा-बारा मिनिटांचं सोंग लिहायला असा किती वेळ लागतो, असं मला वाटलं. विषय मीच काढला: पिग्मी एजंट. खांद्याला पिशवी, हातात मशीन, रोज संध्याकाळी दुकानोदुकानी फिरणारा माणूस. रूपकही सोपं वाटलं. देह ही पेढी, रोजचं नामस्मरण हा रोजचा हप्ता, आणि आपण सगळे 'उद्या ये' म्हणणारे खातेदार.

चौकात पहिला प्रयोग केला. एजंट आला आणि त्यानं आल्या आल्या सांगून टाकलं, 'मी देवाघरचा एजंट, ही देहाची पेढी, नाम हाच हप्ता.' टाळ वाजले. त्यानंतर चार मिनिटं माझं गद्य चाललं. मागची माणसं चहाच्या गाड्याकडे सरकायला लागली. तेवढ्यात गर्दीतून एक काकू मोठ्यानं म्हणाल्या, 'ते देवाचं नंतर सांग रे बाबा. पतसंस्थेत आमचे पैसे अडकले, त्याचं आधी बोल!'

सगळा चौक हसला, आणि लगेच गप्प झाला. कारण हसणाऱ्यांतल्या निम्म्यांचे पैसे तिथंच अडकलेले. आमचा एजंट गडबडला, 'काकू, ही पेढी वेगळी' असं काहीतरी म्हणाला आणि पुढचं गाणं सुरू केलं. गाणं संपेपर्यंत समोर लहान पोरं आणि दोन कुत्री उरली होती.

त्या रात्री घरी आल्यावर नाथांची गाथा काढली. भारूड आपण लहानपणापासून ऐकतो, त्यामुळं ते आपल्याला माहीत आहे असं वाटतं. ते लिहिलं कसं जातं, हे मात्र मी कधी बघितलंच नव्हतं. जे सापडलं ते सांगतो.

नाथ आणि पैठणचा रस्ता

भारूड नाथांच्या आधीही होतं. ज्ञानेश्वरांच्या नावावर भारुडं आहेत, नामदेवांच्याही आहेत. पण त्याला भरगच्च रूप दिलं ते पैठणच्या एकनाथांनी. जन्म साधारण १५३३चा, समाधी १५९९ची, जिची तिथी आपण नाथषष्ठी म्हणून पाळतो. याच माणसानं १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि भागवताच्या एकादश स्कंधावर हजारो ओव्यांची टीका लिहिली. म्हणजे पोथी घेऊन बसणाऱ्या श्रोत्यांसाठी लिहिणं त्यांना चांगलंच येत होतं. तरीही त्यांनी तीनशेच्या आसपास भारुडं लिहिली, आणि ती पोथीपुढं बसणाऱ्यासाठी लिहिलेली नाहीत. बाजाराला निघालेला, डोक्यावर ओझं असलेला, दोन मिनिटं थांबून निघून जाणारा माणूस डोळ्यांपुढं ठेवून ती लिहिली आहेत.

असा माणूस थांबवायचा कसा? नाथांनी नवं पात्र तयार केलं नाही. ज्यांचा आवाज आला की लोक आपोआप दाराशी येतात, अशी माणसं त्या काळच्या रस्त्यावर आधीच होती. पहाटे मोरपिसांची टोपी घालून येणारा वासुदेव, संबळ वाजवणारा गोंधळी, जोगवा मागणारी जोगतीण, भविष्य सांगणारा जोशी आणि पिंगळा, पोत पाजळणारा भुत्या. ह्यांच्या हाका लोकांच्या कानात बसलेल्या होत्या. नाथांनी तीच हाक, तीच चाल, तोच वेश घेतला आणि आत आपला अर्थ भरला. वासुदेव आला म्हणून बाई सुपात धान्य घेऊन बाहेर यायची, आणि ह्या वासुदेवाचं मागणं वेगळंच असायचं.

'बहुरूढ' म्हणजे लोकांत फार रुळलेलं, त्यावरून भारूड शब्द आला असं एक मत आहे. शब्दाची व्युत्पत्ती काहीही असो, कामाची पद्धत मात्र तीच होती. जे रुळलेलं आहे तिथूनच सुरुवात.

रोडगा: एक भारूड उलगडून बघू

रोडग्याचं भारूड तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल. गव्हाचा जाड गोळा गोवरीच्या आरात भाजून देवीला वाहतात, तो रोडगा. लुगडं नेसलेला सोंगाड्या भवानीपुढं नवस बोलतो. सगळा नवस एकाच रोडग्यावर, आणि बदल्यात मागणं केवढं!

आता क्रम बघा. सुरुवात सासऱ्यापासून. तो परगावी गेलाय, तिकडंच त्याचं संपू दे. हे जरा लांबचं आहे, त्यामुळं बायका लाजत हसतात. मग सासू, जी रोजचा जाच करते. हसू वाढतं. मग तोंडाळ जाऊ, तिच्यासाठी तर फारच वाईट मागणं. इथं एखादी बाई पदर तोंडाला लावते. आणि एवढं चढत गेल्यावर नाथ एकदम खाली उतरतात: नणंदेचं किरकिरं पोर, त्याला खरूज होऊ दे म्हणे. सासूचा काळ मागणारी बाई पोरासाठी खरूज मागते, म्हणून सगळ्यात मोठं हसू तिथं फुटतं. गर्दी अशी सैल पडली की पुढचा घाव येतो. दादला, म्हणजे स्वतःचा नवरा. त्याच्यापासूनही मोकळीक हवी.

आता कोण उरलं? शेवटच्या कडव्यात नाथांची मुद्रा येते आणि ती बाई म्हणते की सगळेच जाऊ देत, मला एकटीला राहू दे.

बस, संपलं. सासू म्हणजे कल्पना, नवरा म्हणजे अमुक, अशी फोड त्या गाण्यात कुठंही केलेली नाही. ती कीर्तनकारांनी नंतर लावली, आणि वेगवेगळ्यांनी वेगवेगळी लावली. नाथांनी फक्त 'एकटी' हा शब्द तिथं ठेवला. पाच कडवी ज्या शब्दाचा अर्थ 'सासुरवासातून सुटलेली' असा होता, त्याचाच अर्थ मुद्रेच्या ओळीत 'सगळ्या पाशांतून सुटलेला जीव' असा होतो. ऐकणारी बाई हसत हसत घरी जाते आणि भाकरी थापताना तिला ते कळतं. किंवा नाही कळत. पण गाणं तिच्या तोंडात राहतं.

माझी पहिली चूक इथं दिसली. मी किल्ली पहिल्याच वाक्यात देऊन टाकली होती. 'ही देहाची पेढी' म्हटल्यावर लोकांनी थांबायचं कशासाठी?

पण विंचवात तर अर्थ आधीच सांगितलाय

कुणी म्हणेल, विंचवाच्या भारुडात काय? तिथं हा विंचू कामक्रोधाचा आहे, हे नाथ सुरुवातीलाच सांगून टाकतात. बरोबर आहे. मीही तिथं अडलो होतो.

पण नीट बघितलं तर तिथं राखून ठेवलेली गोष्ट दुसरी आहे. विंचू चावलेल्या माणसाभोवती गर्दी जमते, तिचा प्रश्न 'कोणता विंचू?' हा नसतोच. उतारा काय, हा असतो. नाथांनी उतारा शेवटपर्यंत राखून ठेवलाय. आणि तो सत्त्वगुणाचा उतारा लावल्यावरही वेदना एका झटक्यात जात नाही. थोडी ठणक राहते, आणि ती शेवटी गुरू जनार्दनांच्या कृपेनं शमते. ज्याला खरोखर विंचू चावलाय त्याला विचारा, उतरतानाची ती ठणक कशी असते. नाथांनी विंचू खरा ठेवलाय.

म्हणजे नियम 'अर्थ शेवटी सांगा' एवढाच नाही. गर्दीच्या मनात जो प्रश्न आपोआप उभा राहतो, त्याचं उत्तर शेवटी द्यायचं. रोडग्यात प्रश्न आहे, 'आता आणखी कोणाला घालवणार ही?' विंचवात प्रश्न आहे, 'उतरणार कसा?' माझ्या पिग्मीवाल्यात प्रश्नच नव्हता. होता तो काकूंनी विचारला, आणि त्याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

मधल्या जागेचंही एक गणित आहे. सोंगी भारुडाची लिखित कडवी पाच-सहाच असतात, तरी ते पंधरा-वीस मिनिटं चालतं. दोन कडव्यांच्या मधे सोंगाड्या आणि त्याचा साथीदार यांचं बोलणं असतं. साथीदार मुद्दाम बावळट प्रश्न विचारतो, म्हणजे गर्दीच्या वतीनं तोच बोलतो. हे बोलणं कुणी लिहून देत नाही. गावागणिक, दिवसागणिक ते बदलतं. टाळकऱ्यांचं ध्रुवपद मात्र बदलत नाही, कारण उशिरा येऊन थांबलेल्याला विषय काय चाललाय हे त्यावरूनच कळतं. लिहिणाऱ्यानं ध्रुवपद आणि कडवी घट्ट करायची, मधलं मोकळं सोडायचं. मी नेमकं उलटं केलं होतं: चार मिनिटांचं गद्य पाठ करायला दिलं होतं आणि ध्रुवपद ढिलं होतं.

दप्तराची भाषा आणि जोहार

पिग्मी मशीनसारखी आजची वस्तू भारुडात आणावी का, असंही एका जाणत्यानं मला विचारलं. त्याचं उत्तर नाथांकडंच आहे. त्यांच्या काळी ह्या भागावर निजामशाही होती. गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते असं परंपरा सांगते. सरकारी कागद फारसी वळणाचा. नाथांनी तोच कागद उचलला. अर्जदस्त, ताकीदपत्र, अभयपत्र ही त्यांच्या भारुडांची नावं आहेत. अर्जदस्त म्हणजे रयतेनं वरिष्ठाला केलेला अर्ज. जीव अर्ज करतो, देहाच्या गावाचा कारभार बिघडलाय म्हणून सांगतो. कचेरीत हेलपाटे घातलेल्या माणसाला ते ऐकताना केवढी गंमत वाटली असेल! तेव्हाची कचेरी चालते, तर आजची पिग्मी का चालू नये?

आता जोहार. हे मी सगळ्यात जास्त वेळ वाचलं. जोहार हा महार समाजातल्या माणसानं गावच्या वरिष्ठांना करायचा मुजरा. नाथांच्या जोहारात तो मुजरा करणारा गावचा चाकर बोलतो, गावाचा हिशेब मांडतो, आणि तो गाव असतो देहाचा. दुसऱ्या एका भारुडात दरडावणारा ब्राह्मण आणि त्याला उत्तर देणारा महार आहे, आणि त्यात शहाणपण महाराच्या बाजूला आहे. सोळाव्या शतकात पैठणसारख्या धर्मपीठात एका ब्राह्मणानं भर रस्त्यात हा मुखवटा चढवला, ही साधी गोष्ट नव्हती.

पण दुसरी बाजूही आहे. जोहारातला तो मुजरा खऱ्या आयुष्यात खऱ्या माणसाला रोज करावा लागत होता. भारुडातला चाकर ज्ञान सांगून गेला, तरी सकाळी वेशीबाहेरचा माणूस वेशीबाहेरच होता. नाथांनी भक्तीतली समानता सांगितली, गावगाड्याची रचना मात्र तशीच राहिली. म्हणून 'ज्याचं दुःख रूपक म्हणून वापरलं, त्याला त्यातून काय मिळालं?' हा प्रश्न आज विचारला जातो आणि तो रास्त आहे. नाथांचा मोठेपणा त्यानं कमी होत नाही. भारूड काय करू शकतं आणि काय नाही, एवढं त्यातून कळतं.

काकूंनी चौकात तोच प्रश्न विचारला होता. माझ्यासाठी पतसंस्था हे रूपक होतं. त्यांच्यासाठी ते मुलीच्या लग्नाचे पैसे होते.

रोडगा चालतो कारण सासूचा जाच खरा आहे. विंचू चालतो कारण ठणक खरी आहे. वरची गोष्ट ही आतल्या अर्थाला गुंडाळायचा कागद नसते. गर्दी त्या वरच्या गोष्टीतच राहत असते. ती खोटी निघाली की आतला अर्थही लोक परत करतात.

दुसरा प्रयोग

आम्ही पुन्हा लिहायला बसलो. पहिल्या प्रयोगाला बावीस मिनिटं लागली होती, ह्या वेळी बारात बसवलं. देहाची पेढी वगैरे सुरुवातीचं सगळं काढून टाकलं. एजंट आला तो नेहमीच्या एजंटसारखा, पिशवी सावरत, ओळखीची हाक देत. ध्रुवपद दोनच ओळींचं:

पिग्मी भरा हो, पिग्मी भरा,
आजचा हप्ता आजच भरा.

टाळकऱ्यांनी ते दोनदा म्हटलं तेव्हा पोरंही म्हणायला लागली. मग साथीदारानं काकूंचाच प्रश्न विचारला, पहिल्याच मिनिटाला: 'अरे, ती पतसंस्था बुडाली, तू अजून पिग्मीच मागतोस?' एजंट थांबतो. पिशवी खाली ठेवतो. सांगतो की माझेही अडकलेत. घरोघर फिरून मीच आणले होते. आता मी गल्लीत आलो की लोक आतून कडी लावतात, माझा मेव्हणासुद्धा लावतो.

हे वाक्य खरं आहे. अशा एका एजंटाशी बोलूनच ते घेतलं होतं. चौक पूर्ण शांत झाला, पण कुणी हललं नाही.

तिथून गंमत सुरू केली. एजंट दारोदार जातो. दुकानदार म्हणतो, बाजार झाला की ये. शेतकरी म्हणतो, सुगी झाली की. सून म्हणते, हे घरी नाहीत. निवृत्त गुरुजी म्हणतात, पेन्शन झाली की बघू. चार दारं, चार कडवी, आणि प्रत्येक दाराशी 'उद्या'. साथीदार पिशवीत हात घालून बघतो आणि म्हणतो, 'यात तर नुसते उद्याच आहेत!' आता गर्दीच्या मनात प्रश्न उभा राहतो: हा रिकाम्या पिशवीचं करणार काय? मग शेवटचं कडवं:

दारोदार फिरलो, 'उद्या' गोळा झाले,
हप्ते राहिले मागं, दिवस तेवढे भरले.

दिवस भरणं म्हणजे काय, हे आपल्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पुढच्या रांगेतले एक अण्णा नुसतं 'हं' म्हणाले. एजंटानं पिशवी उलटी केली, त्यातून फक्त एक टाळ पडला. तो उचलून त्यानं विठ्ठलनाम सुरू केलं, टाळकऱ्यांनी उचललं आणि आम्ही थांबलो. ही पेढी कोणती, हे आम्ही सांगितलंच नाही.

तरी एक गोष्ट अजून जमलेली नाही, तीही सांगतो. चौथ्या कडव्यापर्यंत लय सैल होते. चारही दारं एकाच मापाची झाली आहेत. नाथांनी पोराची खरूज जिथं आणली तशी एक उतरती जागा आम्हाला सापडलेली नाही. या वर्षी गुरुजींचं दार काढून तिथं शाळकरी पोराचं दार टाकून बघणार आहोत, ज्याच्याकडं हप्त्याला दोन रुपये आहेत आणि तेही त्याला गोळ्यांना हवेत.

प्रयोग संपल्यावर त्याच काकू भेटल्या. म्हणाल्या, 'चांगलं केलंत. पण पैशाचं काय?'

मी म्हटलं, काकू, ते भारुडानं येणार नाहीत. त्यासाठी ठेवीदारांचा अर्ज हवा, सहीनिशी, पावत्यांच्या झेरॉक्ससह, सहकार उपनिबंधकांच्या कार्यालयात. त्यांनी विचारलं, लिहून देशील का? दिला. त्यावर आतापर्यंत एकेचाळीस सह्या झाल्या आहेत.

जीवाची अर्जदस्त नाथांनी लिहून ठेवली आहे. ठेवीदारांची आपली आपणच लिहायची आहे. ज्यांच्या पावत्या अजून कपाटात आहेत त्यांनी बाजारच्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर या. मी तिथं असेन, आणि आमचा पिग्मीवालाही असेल. या वेळी त्याच्या पिशवीत अर्जाचे कोरे कागद असतील.